तेरा रुपये किलोमीटरची गाडी अठराला कशी पडली

गावच्या घरी देवकार्य ठरलं आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो गाडीचा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, बाबा अठ्ठ्याहत्तरचे, दोघांनाही रात्रीची बस सोसत नाही. रेल्वेने जायचं तर पुण्याहून आधी पनवेल गाठा, पुढे कुडाळला उतरून पुन्हा रिक्षा शोधा. आमची स्वतःची गाडी लहान, आणि नवऱ्याला फोंडा घाटात चालवायचा सराव नाही. म्हणून पहिल्यांदाच चार दिवसांसाठी बाहेरगावची भाड्याची गाडी करायचं ठरवलं. गुरुवार ६ फेब्रुवारी २०२५ ला निघायचं, रविवारी ९ तारखेला परत. माणसं पाच : आई, बाबा, काकू, नवरा आणि मी. गाव मालवणजवळ, पुण्यातल्या आमच्या घरापासून कोल्हापूर-राधानगरीमार्गे साधारण तीनशे नव्वद किलोमीटर.

मी शाळेतलं गणित घातलं. जाऊन-येऊन सातशे ऐंशी, तिथे फिरणं शंभर-दीडशे, म्हणजे नऊशे धरू. एर्टिगाचा दर तेरा रुपये ऐकला होता. नऊशे गुणिले तेरा, अकरा हजार सातशे. ड्रायव्हरचं जेवणखाण धरून तेरा हजारांत होईल, असं मी आईला सांगूनही टाकलं. ते तेरा हजार मला नंतर चार दिवस ऐकावे लागले.

२० जानेवारीला पहिल्या गाडीवाल्याला फोन केला. दर तेरा रुपयेच होता. पण त्याने किती किलोमीटर हे विचारलंच नाही. विचारलं, "दिवस किती?" चार म्हटल्यावर म्हणाला, "मग बाराशे किलोमीटर धरा ताई."

"अहो, पण होतील नऊशे."

"झाले तरी बाराशेच. रोजचे तीनशे मिनिमम."

तिथेच माझं गणित कोसळलं. रोजचे किमान तीनशे किलोमीटर ही आपल्याकडची बऱ्याच ठिकाणची पद्धत, काही जण अडीचशे धरतात. मला आधी ती लूट वाटली. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की गाडी आमच्या अंगणात उभी असली तरी तिचा हप्ता, विमा, कर थांबत नाही, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाकडे जाऊही शकत नाही. म्हणजे मालक मला दिवस विकतो आणि त्याची किंमत किलोमीटरच्या भाषेत सांगतो. तीनशे गुणिले तेरा, तीन हजार नऊशे. वर ड्रायव्हरचा भत्ता चारशे. एका दिवसाची किंमत चार हजार तीनशे, त्यावर पाच टक्के जीएसटी धरला की ४,५१५ रुपये. हा आकडा मी फ्रिजवर चिकटवला, आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून घेतले.

आणखी दोघांना विचारलं. दुसऱ्याचा दर साडेअकरा. नवरा खूश, लगेच ॲडव्हान्स पाठवायला निघाला. मी म्हटलं थांब, आधी सगळं कागदावर उतरवू. याचेही तीनशे किमान होते, पण मोजायची रीत वेगळी. पहिला गाडीवाला चार दिवसांची बेरीज करून एकदम बाराशेशी तुलना करणार होता. हा मात्र रोजचा हिशेब रोज मिटवणार : ज्या दिवशी तीनशेच्या वर गेली त्या दिवशी प्रत्यक्ष किलोमीटर, ज्या दिवशी कमी धावली त्या दिवशी तीनशे. आमचा पहिला आणि शेवटचा दिवस लांबचा, मधले दोन जवळजवळ बसूनच. त्याच्या गॅरेजपासून आमच्या घरापर्यंतचे पंधरा धरून गुरुवारचे चारशे पाच, शुक्रवारचे तीनशे, शनिवारचे तीनशे, रविवारचे पुन्हा चारशे पाच, असे एकूण चौदाशे दहा. गुणिले साडेअकरा, १६,२१५. भत्ता रोजचा तीनशे म्हणजे बाराशे. शिवाय नाइट हॉल्ट वेगळा, रात्रीचे साडेतीनशे, तीन रात्रींचे एक हजार पन्नास. झाले १८,४६५, आणि कर धरून १९,३८८.

पहिल्याचे बाराशे गुणिले तेरा, १५,६००. भत्ता चार दिवसांचा सोळाशे, आणि नाइट हॉल्ट त्यातच. १७,२०० वर कर, एकूण १८,०६०. म्हणजे किलोमीटरमागे दीड रुपया स्वस्त असलेली गाडी आम्हाला तेराशे रुपयांनी महाग पडणार होती.

तिसरा म्हणाला, चार दिवस गाडी अडकवता कशाला, गुरुवारी सोडतो, रविवारी घ्यायला येतो. हे मला फार पटलं होतं. पण सोडून गाडी रिकामी परत येणार, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसेही आपणच द्यायचे. सातशे ऐंशी किलोमीटर, दर बारा, अधिक एक भत्ता, ९,७६०. असं दोनदा. साडेएकोणीस हजार देऊन मधले दोन दिवस दाराशी गाडी नाही. मुक्काम आठवडाभराचा असता तर हाच मार्ग बरा ठरला असता, कारण थांबवून ठेवलेल्या गाडीचा प्रत्येक दिवस साडेचार हजारांचा.

आमच्या शेजाऱ्यांनी मात्र मला वेड्यात काढलं. ते गेल्या वर्षी तीन दिवसांत नागपूरला लग्नाला जाऊन आले, आणि त्यांनी फक्त दर पाहून गाडी ठरवली होती. त्यांचंही बरोबरच होतं. पुणे-नागपूर एका बाजूने सातशेच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन साडेचौदाशे, आणि तीन दिवसांचे किमान फक्त नऊशे. तिथे प्रत्येक धावलेला किलोमीटर मोजला जातो, दीड रुपयाच्या फरकाचे दोन हजारांवर होतात आणि गॅरेजचे किलोमीटरही अंगावर येतात. तेव्हा आपली सहल किमानाच्या खाली आहे की वर, हे आधी पाहायचं. आमची खाली होती, म्हणून आमच्यासाठी दिवस महत्त्वाचे.

दिवस कमी करता येतील का, हेही पाहिलं. शनिवारीच परतलो तर तीन दिवस, साडेतेरा हजार. पण शुक्रवारी देवकार्य, पंगती, रात्री आवराआवर, आणि शनिवारी पहाटे बाबांना पुन्हा दहा तास गाडीत बसवायचं? आईने एका वाक्यात निकाल दिला, "साडेचार हजारांसाठी त्यांची कंबर मोडू नकोस." उलट दादाचा फोन आला, बुधवारी रात्री दहालाच निघा, सकाळी गावात पोचाल, दिवस वाचेल. वाचत नाही, वाढतो. यांचा दिवस रात्री बाराला बदलतो. बुधवारचे शेवटचे दोन तास वापरले तरी बुधवार पूर्ण धरणार, पाच दिवसांचे पंधराशे किलोमीटर. शिवाय रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवली तर त्याचा वेगळा आकार, तीनशे रुपये. आणि रात्रभर जागलेला ड्रायव्हर घाटात. दादाला मी फक्त शेवटचं कारण सांगितलं.

२५ जानेवारीला पहिल्या गाडीवाल्याला होकार दिला आणि चार हजार ॲडव्हान्स पाठवला. त्याआधी फोनवरचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून "ओके ताई" घेतलं. दर, रोजचे तीनशे आणि तेही चार दिवसांच्या सरासरीने, भत्त्यात रात्रीचा मुक्काम धरलेला, टोल-पार्किंग पावतीप्रमाणे वेगळं, एसी घाटात बंद करायचा नाही (हे नवऱ्याच्या आग्रहाने), गाडी पिवळ्या पाटीची. आणि एक ओळ अशी : "रविवारी रात्री बाराच्या आत सोडलं तर चार दिवस." ही ओळ मी काहीतरी लिहायचं म्हणून लिहिली होती.

त्याने विचारलं, गोव्यात उतरणार का? तसं असेल तर तिथला कर, परमिट आधी पाहावं लागेल. नाही म्हटलं. तुमचा बेत गोव्याच्या हद्दीपर्यंत जाणारा असेल तर हे सुरुवातीलाच बोलून ठेवा, नाक्यावर उभं राहून बोलायचा हा विषय नाही.

गुरुवारी पावणेसहाला गाडी दाराशी. ड्रायव्हर चाळिशीचे, कमी बोलणारे. मी डॅशबोर्डचा फोटो काढायला गेले तर त्यांनीच ड्युटी स्लिप पुढे केली. गॅरेजमधून निघतानाचा आकडा ६४,२१८, आमच्या दाराशी ६४,२४०. म्हणजे बावीस किलोमीटर आम्ही बसायच्या आधीच झाले होते. 'गॅरेज टू गॅरेज' म्हणतात ते हेच. आमचे एकूण बाराशेच्या आत राहणार असल्याने या बावीसांचा खिशाला चटका नव्हता. तरी सुरुवातीचा आकडा आपल्या फोनमध्ये असावा. स्लिपवरचा आकडा चुकीचा असेल तर ते पहिल्या मिनिटालाच दिसतं, चौथ्या दिवशी नाही.

खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके कोल्हापूरपर्यंत. फास्टॅग मालकाचा, पैसे त्याच्या खात्यातून जाणार आणि बिलात येणार. मी प्रत्येक नाक्याची वेळ टिपून ठेवली, नवरा हसला. राधानगरीला जेवण, फोंडा घाट दुपारी निवांत उतरलो, संध्याकाळी पाचला गावात. त्या दिवसाचे तीनशे चौऱ्याण्णव.

ड्रायव्हरदादांच्या झोपायचा प्रश्न मात्र आमच्या डोक्यातच आला नव्हता. भत्ता दिला की झालं, असं समजून बसलो होतो. ते म्हणाले, "मी गाडीतच झोपतो, सवय आहे." रविवारी घाट चढवणार तो हाच माणूस. काकूने ऐकून घेतलं नाही, पडवीत खाट टाकली, मच्छरदाणी लावली आणि पहिली पंगत त्यांची मांडली. त्यांच्याच बोलण्यातून कळलं की भत्ता काही ठिकाणी मालकाकडेच महिनाभर पडून राहतो. मी मालकाला मेसेज केला, भत्ता रोज ड्रायव्हरच्या हातात दिला तर चालेल का? तो म्हणाला, द्या, बिलातून वजा करतो. मग रोज रात्री चारशे रुपये त्यांना देऊन स्लिपच्या मागे लिहीत गेले. घरी जेवणखाण आणि झोपायची सोय केली म्हणून भत्ता कापायचा नसतो, हे दादाला (माझ्या, ड्रायव्हरदादांना नव्हे) फोनवर दोनदा सांगावं लागलं.

शुक्रवारी देवकार्य. गाडी फक्त मालवणच्या बाजारात नारळ आणि केळीची पानं आणायला गेली, अठरा किलोमीटर. रात्री पडवीत बसून मी हिशेब मांडला. आतापर्यंत चारशे चौतीस. परतीचे, गॅरेजपर्यंत धरून, चारशे सोळा. साडेआठशे. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरचे पैसे भरलेत आणि ते कुणीच वापरत नाही.

बाबांचं आजोळ वेंगुर्ल्याचं. निघायच्या आधी त्यांनी एकदा विषय काढला होता आणि मीच म्हटलं होतं, "नको बाबा, उगाच किलोमीटर वाढतील." तेव्हाचं ते उत्तर साफ चुकीचं होतं. वेंगुर्ल्याला जाऊन आल्याने बिलात एक रुपयाही वाढणार नव्हता. काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "पैशे भरलेत ना? मगे गाडी उभी कित्याक?"

शनिवारी गेलो. आजोळचं घर विकलं गेलंय, विहीर तेवढी आहे. बाबा विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ हात ठेवून उभे होते. एकशे अठ्ठावीस किलोमीटर झाले, आणि वाटेतलं जेवण सोडलं तर खर्च शून्य. तुमच्या सहलीत असे पडून राहिलेले किलोमीटर असतील तर दुसऱ्याच रात्री शोधा. शेवटच्या दिवशी सापडून उपयोग नसतो.

रविवारी नऊला निघायचं होतं. काकूने कोकमं, नारळ, कुळथाचं पीठ आणि दोन फणसपोळ्या बांधेपर्यंत सव्वाअकरा. कोल्हापूरला आईला अंबाबाईचं दर्शन हवं होतं, रविवारची रांग, तिथून सुटायला साडेपाच. तरीही दहापर्यंत घरी पोचलो असतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि गाड्या थांबल्या. सुट्टी संपवून परतणारं सगळं पुणं आमच्या पुढे होतं. खेड शिवापूरच्या नाक्याआधी पाऊण तास आम्ही एकाच ट्रकचं मागचं दार वाचत होतो. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मनात एकच आकडा, ४,५१५.

घरी पोचलो अकरा अडतीसला. सामान उतरवायच्या आधी मी स्लिप मागितली, उतरल्याची वेळ आणि मीटरचा आकडा लिहून घेतला, सही केली, फोटो काढला. आई म्हणाली, "अगं आधी पाणी तरी दे त्यांना." दिलं. ड्रायव्हरदादा गॅरेजला निघाले. बावीस किलोमीटर. बाराच्या आत ते पोचणार नव्हते, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

सोमवारी दुपारी बिल आलं, पाच दिवसांचं. मालकाचं म्हणणं, गाडी गॅरेजला सव्वाबाराला लागली, तारीख बदलली, दिवस लागला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बाजूने ते अगदीच चूक नव्हतं. किलोमीटर गॅरेजपासून मोजतो तर वेळही गॅरेजपर्यंत, हे त्यांच्यात चालतं. इतके दिवस मी ते बावीस किलोमीटर बिनमोलाचे समजत होते. अंतर म्हणून ते फुकटच होते, पण वेळ म्हणून त्यांची किंमत साडेचार हजार निघाली.

मी भांडले नाही. २५ जानेवारीचा मेसेज त्याला परत पाठवला आणि "सोडलं" या शब्दाला गोल केला. सोबत अकरा अडतीसच्या स्लिपचा फोटो. "आम्हाला सोडलं ते बाराच्या आत. गाडी गॅरेजला लावली, असं आपण लिहिलेलं नाही." तासाभराने फोन आला. पाचवा दिवस काढतो, पण दहानंतर गाडी चालली त्याचे तीनशे द्यावे लागतील. ते खरंच होतं, लगेच मान्य केलं.

शेवटचा हिशेब असा झाला. मीटर ६५,२०४ वर थांबलं, म्हणजे प्रत्यक्ष धावलेले नऊशे शहाऐंशी. पैसे बाराशेचे, १५,६००. भत्ता सोळाशे, रात्रीचे तीनशे, आणि या सगळ्यावर पाच टक्के, एकूण १८,३७५. टोलचे सातशे तीस आणि पार्किंगचे एकशे वीस वेगळे. टोलच्या आकड्यात एक नाका दोनदा लागला होता, तो माझ्या टिपलेल्या वेळांवरून सापडला आणि निघाला. नवरा या वेळी हसला नाही. सगळे मिळून १९,२२५. धावलेल्या किलोमीटरने भागलं तर टोल-पार्किंग सोडूनही किलोमीटरला अठरा रुपये चौसष्ट पैसे. दर तेराचा, आणि पडली साडेअठराला.

पैसे पाठवल्यावर मालकाचा पुन्हा फोन आला. मला वाटलं आणखी काही निघालं. तो म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी जरूर बोलवा. फक्त मेसेज मी टाईप करणार."